उसातला छुपा रोग आणि तीन तापमानं

यवतच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना गवताळ वाढ ठाऊक आहे: बेटात बारीक, पांढुरक्या फुटव्यांचा झुपका. हा रोग बेण्यातून पसरतो. त्याचा फायटोप्लाझ्मा प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड, म्हणून पानातून डीएनए काढून रोगजंतूचा ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवतात.

पीसीआरच्या दर फेरीत नळीला तीन तापमानं देतात. आधी 95 अंश सेल्सिअस. डीएनएचे जोडलेले दोन धागे या उष्णतेने सुटे होतात. त्याशिवाय त्यांची नक्कल निघत नाही. मग 55 अंशांच्या आसपास प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, जुळत्या जागी चिकटतात. सर्वांत नाजूक पायरी हीच. तापमान जास्त झालं तर ते चिकटतच नाहीत. फार कमी झालं तर भलत्या जागी, अगदी उसाच्याच डीएनएवर चिकटतात आणि जेलवर नको ते पट्टे दिसतात. शेवटी 72 अंशांवर टॅक एन्झाइम प्रायमरपुढे नवा धागा जोडत नेतं. ते उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून 95 अंशांतही टिकतं.

अशा दर फेरीत तुकडे दुप्पट होतात. 30 फेऱ्यांत एकाचे, हिशेबाने, शंभर कोटींहून अधिक.

सोबत डीएनएऐवजी पाणी घातलेली एक नळी ठेवाच. तिच्यातही पट्टा उमटला, तर दूषितपणा आहे. चाचणी पुन्हा करा.