जुन्या लॅपटॉपवर डॉक्युमेंटरी एडिट करायची आहे? आधी प्रॉक्सी बनवा

आजचा भाग एडिटिंगवर आहे, आणि त्यासाठी मी एक खरं काम समोर ठेवून बोलणार आहे. माझ्या मावसबहिणीच्या ग्रुपने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर डॉक्युमेंटरी शूट केली. फोनवर, फोर-केमध्ये, एकूण 200 मिनिटं. एडिटला लॅपटॉप कुठला, तर घरातला जुना चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला की आवाज पुढे आणि चित्र जागच्या जागी. आणि गुऱ्हाळाचा हंगाम संपलेला, काहील उतरलेली, म्हणजे पुन्हा शूट करायला जाणंही शक्य नाही. जे आहे त्यातूनच फिल्म व्हायला हवी.

आता पहिला प्रश्न. जो व्हिडिओ फोनवर लोण्यासारखा चालतो, तो लॅपटॉपवर का अडकतो? कारण फोन तो एचईव्हीसी, म्हणजे एच-265 या प्रकारात साठवतो. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या बऱ्याच फ्रेम्समध्ये फक्त "आधीपेक्षा काय बदललं" एवढंच लिहिलेलं असतं. ते उलगडायला फोनमध्ये खास चिप असते. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ही सोय नीट आली ती सहाव्या पिढीपासून, म्हणजे 2015 नंतर. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि त्याचा दम निघतो. म्हणून रॅम वाढवून फारसं काही होत नाही. फाइल हलकी करायला लागते.

ती हलकी, लहान नक्कल म्हणजे प्रॉक्सी. कापाकापी नकलेवर करायची, आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना सॉफ्टवेअर त्याच जागी मोठी फाइल वापरतं.

पण लगेच प्रॉक्सी बनवायला बसू नका. आधी निवड करा, आणि ती फोनवरच करा. चिप तिथे आहे ना! या तिघांनी सगळं फुटेज फोनवर बघितलं आणि वहीत क्लिपचं नाव, वेळ आणि एका ओळीत काय आहे ते लिहिलं. चुलवाणाचा जाळ, गुळव्याची मुलाखत, ढेपा काढणं वगैरे. हललेलं, दोनदा घेतलेलं बाजूला काढलं. 200 मिनिटांची 80 मिनिटं उरली. बाजूला काढलं म्हणजे डिलीट केलं नाही, हे लक्षात घ्या. सगळं ओरिजिनल फुटेज एका वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवलं, आणि मगच पुढे गेलो.

आता एक छुपी अडचण. फोन बऱ्याचदा ठरलेल्या वेगाने फ्रेम्स घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की 30 च्या जागी 27, मग परत 30. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. ओळखायचं कसं? MediaInfo नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडा. `Frame rate mode` समोर `Variable` दिसलं की समजायचं. नुसतं बघायला यात काही बिघडत नाही. पण मुलाखतीचा आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा घेतला असेल, तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि वीस मिनिटांनी सुटतात.

म्हणून प्रॉक्सीच्या आधी निवडलेल्या क्लिप्सचा वेग पक्का करून घ्यायचा. हे काम ffmpeg करतं. तेही फुकट आहे. कमांड अशी:

```
ffmpeg -i kahil_01.mp4 -vf "scale=-2:1080,fps=30" -c:v libx264 -preset veryfast -crf 18 -g 15 -c:a aac -ar 48000 kahil_01_cfr.mp4
```

यात तीन गोष्टी समजून घ्या. `scale` फोर-केचं 1080 करतं. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर फिल्म 1080 मध्येच दाखवायची होती, म्हणून हे चाललं. तुम्हाला नंतर फ्रेम खूप झूम करून कापायची असेल, तर हा भाग काढून टाका. `fps=30` वेग पक्का करतं. आणि `-g 15` मुळे जास्तीत जास्त पंधरा फ्रेम्सनंतर एक पूर्ण फ्रेम येतेच, त्यामुळे मागे-पुढे सरकताना लॅपटॉप कमी अडतो.

किती वेळ लागेल? कमांड चालू असताना खाली `speed=0.4x` असं काहीतरी दिसतं. मिनिटांना त्या आकड्याने भागा. 80 भागिले 0.4, म्हणजे 200 मिनिटं, साधारण साडेतीन तास. रात्री चार्जर लावून ठेवा आणि झोपा. लॅपटॉप मात्र गादीवर नको, टेबलावर ठेवा.

सकाळी Kdenlive उघडा. नवं प्रोजेक्ट 1080, 30 फ्रेम्सचं. `Project Settings` मध्ये `Proxy` टॅब आहे, तिथे प्रॉक्सी चालू करा आणि त्या आपोआप बनवण्याचा पर्यायही निवडा. मग क्लिप्स आत घेतल्या की तो स्वतःच नकला बनवायला लागतो. बनलेल्या क्लिपवर छोटा P दिसतो. सगळ्यांवर P येईपर्यंत थांबा, चहा प्या. आणि एक नियम पाळा, यानंतर फोल्डरची किंवा फाइलची नावं बदलायची नाहीत. सॉफ्टवेअर फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं. पत्ता बदलला की प्रोजेक्ट उघडताना क्लिप हरवल्याचा मेसेज येतो.

आता आवाज जुळवायचा. शूट करताना कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवली असेल तर काम सोपं. पहिली टाळी जुळवा आणि शेवटची तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर ऑडिओ नुसता सरकवा. पहिली जुळते आणि शेवटची जुळत नाही, तर वेगाचा घोळ बाकी आहे. ती क्लिप पुन्हा MediaInfo मध्ये बघा.

कापाकापी करताना आधी फक्त बोलणं लावा. डोळे मिटून ऐकलं तरी गोष्ट कळली पाहिजे. त्यावर मग काहील, धूर, हात यांची दृश्यं टाका. रंग सुधारणं, इफेक्ट्स हे सगळ्यात शेवटी, कारण प्रॉक्सी असली तरी प्रत्येक इफेक्टचा हिशोब लॅपटॉपलाच करावा लागतो. शिवाय लहान नकलेवर फोकस नीट कळत नाही. शॉट किंचित आऊट ऑफ फोकस वाटला, तर त्या एका क्लिपची प्रॉक्सी बंद करून बघा आणि मग ठरवा.

शेवटी रेंडर. तिथे `Render using proxy clips` असा पर्याय असतो, तो बंद आहे ना, हे बघा. तो चालू राहिला तर फिल्म 1080 चीच दिसेल, पण चित्र पसरलेलं आणि मऊ असेल. आधी अर्धं मिनिट रेंडर करा, आणि त्यात लिहिलेलं काहीतरी असू द्या. आमच्याकडे गुळाच्या बॉक्सवरचं बारीक लेबल होतं. ते फुल स्क्रीनवर स्वच्छ वाचता आलं, तेव्हाच पूर्ण फिल्म रात्रभर रेंडरला लावली.

प्रॉक्सी नंतर डिलीट केल्या तरी चालतात, त्या पुन्हा बनतात. मूळ क्लिप्स मात्र पुढच्या हंगामापर्यंत कोणी देणार नाही. तुमच्या फुटेजचा `speed` किती येतोय ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!