पेटीचे वय स्क्रूला विचारावे
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी काही व्याख्याता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे, शिक्षण एस.एस.सी. पर्यंत. समितीने मला बोलायला उभे केले ते केवळ एका पेटीमुळे. भांडारघरातली सागवानी पेटी आपण सर्वांनी पाहिलीच आहे. तिच्याशेजारच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवायची आणि तीवर “शिवकालीन पेटी” असे कोरायचे, असा विचार चालला होता. पाटीवाल्याला मजकूर द्यायला चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत मी पेटीचे तीन स्क्रू काढून पाहिले, आणि मजकूर बदलला. तो का बदलला, हे सर्वांसमक्ष सांगावे असे समितीचे म्हणणे पडले.

लहानपणी सुट्टीत मी मामांकडे जात असे. मामा सुतार. जुने कपाट दुरुस्तीला आले की ते आधी लाकूड पाहत नसत, बिजागरीचा स्क्रू काढून पाहत. म्हणत, “लाकडाला रंग देऊन म्हातारं करता येतं रे, स्क्रूकडे कोण लक्ष देतो!” पुढे वाचनाची आवड लागली, तेव्हा मामांच्या बोलण्यामागे किती इतिहास आहे तो कळला.

ज्याला जुनी माणसे मळसूत्र म्हणत, तो लाकडाचा स्क्रू दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी हाताने होत असे. इंग्लंडच्या मध्यभागातल्या खेड्यांत हा घरोघरचा धंदा होता. लोहार सळईचा तुकडा तापवून, ठोकून त्याला डोके काढी. मग कारागीर तो तुकडा शेगड्यात पकडून डोक्यावर करवतीने खाच पाडी, आणि अंगावर कानशीने एकेक आटा घाशी. माणसाचा हात तो. एक आटा खोल, दुसरा उथळ. दोन आट्यांतले अंतर कुठे जास्त, कुठे कमी. डोके पुरते गोल नाही. खाच तर नेमकी मधोमध क्वचितच, बहुधा एका बाजूला सरकलेली. असा एक स्क्रू करायला काही मिनिटे जात. म्हणून तो महाग, आणि मोजक्याच कामाला वापरला जाई.

१७६० साली स्टॅफर्डशायरमधल्या जॉब आणि विल्यम वायट या भावांनी स्क्रू कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १७७६ च्या सुमारास कारखाना काढला. एक स्क्रू सहा-सात सेकंदांत होऊ लागला. आता आटे सारखे पडू लागले, स्वस्ताई आली. पण दोन गोष्टी तशाच राहिल्या. एक, खाच पुष्कळ वर्षे तिरकी किंवा बाजूला सरकलेली दिसत राहिली. दुसरी, आणि हीच आपल्या कामाची, स्क्रूचे टोक बोथट राहिले. सळई जिथे तोडली तिथे ती सपाट. निमुळत्या टोकापर्यंत आटे नेणे त्या यंत्रांना साधत नव्हते. त्यामुळे सुताराला आधी गिरमिटाने स्क्रूच्या पूर्ण लांबीचे भोक पाडावे लागे, मगच स्क्रू आत जाई.

टोकदार स्क्रूसाठी काही खटपटी आधीही झाल्या होत्या, पण धंद्याच्या दृष्टीने तो खरा उभा राहिला १८४६ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी त्याचे पेटंट घेतले. १८५४ साली बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी ते हक्क विकत घेतले, त्यांचे मेहुणे चेंबरलेन यांनी भांडवल घातले, आणि जवळच्या स्मेथविकला नवा कारखाना काढला. तिथून टोकदार स्क्रूचा पूर वाहू लागला. हा स्क्रू स्वतःच गिरमिटासारखा लाकडात शिरतो. आपण दुकानातून आणतो तो त्याचाच वंशज. आणखी एक खूण म्हणजे डोक्यावरची अधिकाची खाच. हेन्री फिलिप्स यांचे त्याबद्दलचे अमेरिकी पेटंट १९३६ चे आहे. तेव्हा असा स्क्रू दिसला, की तो शंभर वर्षांपलीकडचा नव्हे हे निश्चित.

एवढ्या तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या तरी काम भागते. हाताच्या कानशीचे वेडेवाकडे आटे, मग सारखे आटे पण बोथट टोक, आणि मग टोकदार.

आता आपली पेटी. साडेतीन फूट लांब, मागे दोन लांब लोखंडी बिजागऱ्या, पुढे कडी-कोयंडा. मी एका बिजागरीचा एक, कोयंड्याचा एक आणि तळाच्या पट्टीचा एक, असे तीन स्क्रू काढले. गंजलेला स्क्रू जोर लावून काढू नये. खाच तुटते, आणि पुरावाही जातो. मी आधी खाचेतली घाण दाभणाने काढली. तापवलेला लोखंडी गज थोडा वेळ डोक्याला टेकवला. ऊन लागून स्क्रू किंचित फुगतो आणि गंजाची पकड सुटते. मग खाचेत पूर्ण बसेल असा डिसमिस लावून आधी अंमळ आवळला, आणि मग उलटा फिरवला.

बिजागरीचा स्क्रू पाऊण इंचाचा निघाला. टोक बोथट. खाच मधोमध नाही, एका अंगाला सरकलेली, आणि तिचा तळही एका बाजूला उतरता. एवढ्यावर मला वाटले, हा हाताचा असावा, म्हणजे पेटी फारच जुनी. पण आटे पाहायचे राहिले होते. मामांची युक्ती आठवली. अंगाच्या साबणाच्या वडीवर स्क्रू दाबून एक वेढा लोळवला आणि उमटलेल्या रेघा भिंगातून पाहिल्या. सगळ्या रेघा एकमेकींना समांतर, अंतर सारखे, खोली सारखी. कानशीच्या हाताला हे साधत नाही. म्हणजे आटे यंत्राचे. तेव्हा हा स्क्रू वायट बंधूंच्या कारखान्याआधीचा, १७७६ पूर्वीचा, मानता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे निर्वाण १६८० चे. मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर पडते.

इथे कोणीही विचारील, आणि आमच्या बैठकीत एका आजोबांनी विचारलेच, “पेटी जुनी असेल, बिजागरी नंतर बदलली असेल, मग?” प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून त्यांच्यासमोरच ती बिजागरी पूर्ण उतरवली. जुनी बिजागरी काढून नवी बसवली असती, तर खाली बुजवलेली जुनी भोके दिसली असती, किंवा लाकडातला खोबणीचा आकार नव्या बिजागरीशी जुळला नसता. तसे काही नव्हते. खोबण बिजागरीला तंतोतंत बसणारी. प्रत्येक पट्टीला तीन भोके आणि लाकडातही तीनच. भोकांभोवती लोखंडाच्या गंजाचा काळा डाग लाकडात खोल मुरलेला. आत आगकाडी घालून पाहिली, तर भोक स्क्रूच्या टोकाशीच संपत होते आणि तळाशी निमुळते नव्हते. म्हणजे बोथट स्क्रूसाठीच ते पाडलेले. बिजागरी आणि पेटी एकाच वेळची ठरली.

कोयंड्याची गोष्ट उलट निघाली. तिथला स्क्रू टोकदार, खाच मधोमध. पण आगकाडी घातली तेव्हा भोक स्क्रूहून खोल आणि रुंद लागले. म्हणजे टोक आत पोकळीत लोंबत होते. कोयंड्याच्या बाजूला लाकडी खुंटीने बुजवलेले दुसरे भोकही सापडले. कुलूप कधीतरी फुटले किंवा बदलले, ते १८५४ नंतर. तळाच्या पट्टीला तर अधिकाच्या खाचेचे स्क्रू. ती पट्टी आपण मारल्याचे आपल्याच गावच्या सुतारांनी सांगितले. फक्त कोयंडा पाहिला असता, तर पेटी आहे त्याहून बरीच अलीकडची ठरवून बसलो असतो.

तेव्हा निष्कर्ष असा. पेटी १७७६ च्या आधीची नाही. बोथट स्क्रू पाहता ती बहुधा १८५० च्या आसपासची किंवा त्याआधीची आहे. “बहुधा” हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दुकानात जुना माल पडून राहतो, आणि सुतार जुने स्क्रू डब्यात जपून ठेवतो. बोथट स्क्रू १८६० सालीही कोणी वापरला असेल. म्हणून स्क्रू खालची मर्यादा पक्की सांगतो, वरची मर्यादा अंदाजाने सांगतो. नवा स्क्रू जुन्या काळी असू शकत नाही, पण जुना स्क्रू नव्या काळी असू शकतो. आणखी एक. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या पेट्यांत स्क्रू मुळीच नसतात. लाकडी खुंट्या, सांधे आणि ठोकीव खिळे यांवर त्या उभ्या असतात. स्क्रू नाही म्हणून पेटी प्राचीन, असेही म्हणता येत नाही. तिथे दुसरा पुरावा शोधावा लागतो.

हे ऐकून ज्या घराण्याने ही पेटी दिली त्या घरची मंडळी नाराज होतील अशी मला धास्ती होती. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन तिन्ही स्क्रू आणि साबणाची वडी समोर ठेवली. घरातल्या आजींनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “आमच्या आजेसासऱ्यांचे आजोबा कुलूप फोडल्याची गोष्ट सांगत. आम्हाला वाटायचं उगाच म्हणतात. ते तेवढं खरं निघालं, मला पुष्कळ झालं. देवळात खोटं कोरू नका.” त्याच रात्री पाटीवाल्याला नवा मजकूर गेला. “सागवानी पेटी, सुमारे १७८० ते १८६०, कोयंडा नंतरचा.”

आता एक विनंती. गावात घरोघरी फडताळे, पेटारे, देव्हारे आहेत. जीर्णोद्धारानिमित्त सुतार गावात आहेत, म्हणून बरेच जण दुरुस्ती करून घेत आहेत. गंजका स्क्रू निघाला की तो भंगारात टाकू नका. तो घासून चकचकीतही करू नका. कागदात बांधा, वर लिहा कोणत्या बिजागरीचा, वरून कितवा, आणि पुडी त्याच पेटीत ठेवा. शक्य असेल तर तोच स्क्रू त्याच भोकात परत बसवून घ्या. आपल्या पेटीचे तिन्ही स्क्रू मी तसेच परत बसवले आहेत. भांडारघर उघडे असताना कोणीही येऊन पाहावे. बिजागरीच्या स्क्रूची खाच डाव्या अंगाला सरकलेली दिसेल, तीच खूण.