पाळणाघराचे अंदाजपत्रक
(धर्मादाय संस्थांचे विश्वस्त व कार्यकर्ते यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैजापूर तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली, की सकाळी सातच्या सुमारास बायका शेताची वाट धरतात. पुढे कांद्याची लागण येते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कांद्याची काढणी. या दिवसांत दोन वर्षांचे मूल बांधावर झाडाखाली ठेवायचे, की शाळेत जाणाऱ्या थोरल्या बहिणीला घरी बसवून तिच्या स्वाधीन करायचे, एवढाच पर्याय पुष्कळ मातांपुढे असतो. म्हणूनच एखादी धर्मादाय संस्था पाळणाघर काढण्याचा विचार करते तेव्हा गावाला त्याचे समाधान वाटते. मात्र पाळणाघर उघडणे सोपे आणि तिसऱ्या वर्षी ते चालू ठेवणे अवघड. पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकातील चुका तिसऱ्या वर्षी समोर येतात.

कोणत्याही पाळणाघराच्या खर्चाचा मोठा वाटा सेविकांच्या वेतनाचा असतो, आणि सेविका किती लागतील हे मुलांच्या एकूण संख्येवरून ठरवता येत नाही. ते वयावरून ठरते. तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक सेविका आणि तीन ते सहा वर्षांच्या दर वीस मुलांमागे एक सेविका हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे. उदाहरणादाखल तीस मुलांचे पाळणाघर घेऊ. त्यांपैकी बारा मुले तीन वर्षांखालची आणि अठरा त्यावरची आहेत. घाईने हिशेब करणारा विश्वस्त पंधरा मुलांमागे एक अशी सरासरी धरतो आणि दोन सेविका मांडून मोकळा होतो. वास्तविक बारा लहानग्यांसाठी दोन आणि अठरा मोठ्यांसाठी एक, अशा तीन सेविका लागतात. स्वयंपाकाला व स्वच्छतेला एक मदतनीस वेगळी. तिला मुले सांभाळणाऱ्यांत मोजू नये, कारण ती चुलीपाशी असताना तिचे लक्ष मुलांकडे असू शकत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दहावे तान्हे मूल घेईपर्यंत वेतनखर्च वाढत नाही. अकरावे घेताच तो एका पूर्ण वेतनाने वाढतो. म्हणून तान्ह्या मुलांची संख्या एक तर दहावर थांबवावी, नाही तर वीसपर्यंत नेण्याची तयारी ठेवावी. मधल्या आकड्यावर रेंगाळणे सर्वांत महाग पडते.

आता या पाळणाघराचा वर्षाचा हिशेब मांडू. दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात स्थानिक भाव आणि लागू असलेले किमान वेतन पाहूनच ते ठरवावेत. सेविकेला दरमहा १३,००० रुपये व मदतनिसाला ११,००० रुपये धरले, तर वेतनाचे वर्षाला ६,००,००० रुपये होतात. सेविका आजारी पडली वा रजेवर गेली, तर बदली बाईसाठी १८,००० रुपये ठेवले पाहिजेत. ही रक्कम बहुतेक अंदाजपत्रकांत आढळत नाही, आणि मग त्या दिवशी एकच बाई वीस-बावीस मुले सांभाळते. जागेचे भाडे, वीज व पाणी यांस ७२,००० रुपये, अंथरूण-पांघरूण, खेळणी, साबण व प्रथमोपचार यांस ३०,००० रुपये, आणि लेखापरीक्षण व किरकोळ खर्चास १५,००० रुपये धरू.

राहिला आहार. दोन वेळची खिचडी किंवा वरण-भात-भाजी, दूध आणि गूळ-शेंगदाण्याचा खाऊ, इंधनासह दर मुलामागे रोज २६ रुपये मानू. (शेंगदाणे लहान मुलांना कूट करूनच द्यावेत; अख्खा दाणा घशात अडकतो.) येथे पटावरील संख्या धरायची, की हजेरी? पटावर तीस मुले असली तरी वर्षाची सरासरी उपस्थिती चोवीस धरली आणि कामाचे २९० दिवस मानले, तर १,८०,९६० रुपये लागतात. पटावरून मोजल्यास २,२६,२०० रुपये होतात. दोहोंतील फरक ४५,२४० रुपयांचा. मात्र ही सरासरी बारा महिन्यांत सारखी वाटून चालत नाही. वेचणीच्या दिवसांत पाळणाघर भरलेले असते, मे महिन्यात निम्मे रिकामे. तेव्हा वर्षाचा आकडा सरासरीवर आणि महिन्याची तरतूद हंगामावर आधारावी.

आहाराच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा एक साधा मार्ग आहे. दर मुलामागे रोज ७५ ग्रॅम धान्य धरले, तर चोवीस मुलांना १ किलो ८०० ग्रॅम लागते, म्हणजे पन्नास किलोचे पोते कामाचे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस पुरते. ते वीस दिवसांत संपू लागले आणि हजेरी वाढलेली नसली, तर चौकशी करावी. उलट, पोते चाळीस दिवस पुरत असेल, तर मुलांच्या ताटात कमी पडत आहे. जेवणाच्या वहीत रोज नेमके तीसच लिहिलेले दिसले, तर ती वही मागाहून भरलेली असते.

या सर्वांची बेरीज ९,१५,९६० रुपये होते. म्हणजे पटावरील एका मुलामागे दरमहा सुमारे २,५४४ रुपये. शेतमजूर कुटुंबाला हे शुल्क परवडणार नाही हे उघड आहे. समजा संस्थेने पूर्ण शुल्क ८०० रुपये ठरवले. आठ मुलांना पूर्ण, दहांना निम्मे आणि बारांना संपूर्ण माफी दिली. सर्वांकडून पूर्ण शुल्क आले असते, तर वर्षाला २,८८,००० रुपये मिळाले असते. सवलतीनंतर १,२४,८०० रुपये उरतात. माफीची रक्कम १,६३,२०० रुपये. नव्वद टक्के वसुली झाली, तर हातात येतात १,१२,३२० रुपये.

बैठकीत चर्चा होते ती नेहमी या १,६३,२०० रुपयांची. माफी कमी करा, म्हणजे तूट भरेल, असे कोणीतरी म्हणतो. पण पूर्ण शुल्क देणाऱ्या पालकालाही संस्था दरमहा १,७४४ रुपयांची सवलत देतच असते, आणि ती कोणत्याही कागदावर दिसत नाही. माफी सर्वस्वी बंद केली तरी सहा लाखांहून अधिक तूट उरते. तेव्हा तुटीचे खापर गरीब मुलांवर फोडण्यापूर्वी ज्यांना शक्य आहे त्यांचे शुल्क वाढवता येते का, ते पाहावे. १ जानेवारी २०१७ पासून सुधारलेल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेतही उत्पन्नानुसार दरमहा २०, १०० व २०० रुपये असे तीन टप्पे होते.

म्हणून अंदाजपत्रकात जमेच्या बाजूस प्रथम संपूर्ण शुल्क दाखवून त्यातून माफी वजा करावी. आकडा डोळ्यांसमोर असला, की एखाद्या विश्वस्ताने वाटेत भेटलेल्या पालकाला तोंडी माफी देण्याची पद्धत आपोआप आटोक्यात येते. माफीचा निर्णय दोघा-तिघांच्या समितीने दर तिमाहीस घ्यावा. पिवळी वा केशरी शिधापत्रिका हा एक पुरावा झाला. परंतु पतीच्या आजारपणाने कालपासून एकटी कमावणारी बाई त्या कार्डावर दिसत नाही. माफीची नोंद समितीच्या वहीत असावी, हजेरीपटावर नव्हे. कोणाचे मूल फुकट जेवते हे सेविकेला ठाऊक असण्याचे कारण नाही.

उरलेली ८,०३,६४० रुपयांची तूट देणग्या व अनुदान यांतून भरावी लागते. कायम निधीच्या केवळ व्याजावर ती भरायची म्हटल्यास, सात टक्के व्याज धरून, सुमारे १ कोटी १५ लाखांचा निधी हवा. तालुक्याच्या संस्थेला तो जमणे कठीण; म्हणून दरवर्षीच्या देणगीदारांची यादी आणि त्यांनी दिलेले लेखी आश्वासन हेच खरे जमेचे कलम. आश्वासन हाती नसेल, तर मुलांची संख्या त्या प्रमाणात कमी करून सुरुवात करावी. वीस मुले, त्यांपैकी दहाच तान्ही, आणि दोन सेविका व एक मदतनीस ही रचना अशा संस्थेला पेलण्यासारखी आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३१-अ अन्वये, विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाने हिशेबाचे वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना आपले अंदाजपत्रक विहित नमुन्यात धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे असते. एप्रिलपासून वर्ष धरणाऱ्या संस्थेने फेब्रुवारीअखेर ते पाठवायचे, तर मुलांच्या वयाची यादी व माफीचे अर्ज जानेवारीतच, वेचणी आणि लागण चालू असताना, पाळणाघराच्या दारात भरून घेतले पाहिजेत. तेव्हाच सर्व पालक एका ठिकाणी भेटतात.