परदेशातली वाचनयादी आणि आपलं मराठी माध्यम
(चौक येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मराठी माध्यमातून शिकलेल्याला परदेशातलं इंग्रजी वाचन झेपतं का, असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं. घरी आमची कोकणी बोली, शाळा मराठी आणि पुढे इंग्लंडमध्ये विकास-अभ्यासाची मास्टर्स, असा माझा प्रवास आहे. त्यावरून आज फक्त वाचनाबद्दल बोलते.

आधी हिशेब बघू. ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स साधारण १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे २० क्रेडिटच्या विषयाला २०० तास होतात. त्यातले थोडेच वर्गात जातात, बाकीचे वाचण्या-लिहिण्याचे. माझ्या तीन विषयांचं मिळून आठवड्याला दोनशेच्या आसपास पानं वाचन असायचं. शब्दकोश घेऊन ओळन्‌ओळ वाचलं तर एका पानाला किती वेळ लागतो, हे मी पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून मोजलं. दहा मिनिटं लागली. या वेगाने दोनशे पानांना तेहतीस तास लागतात. निबंध आणि पोटापाण्याचं काम सांभाळून हे बसत नाही. वाचनाचा वेग वाढतो, पण सावकाश. पद्धत मात्र लगेच बदलता येते.

आपल्याला धड्यासारखं वाचायची सवय असते. धड्यात लिहिलेलं सगळं खरं आणि सगळं परीक्षेला. तिथले लेख म्हणजे वाद असतात. लेखक आधी दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडतो आणि मग ते खोडतो.

एक उदाहरण घेते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलं की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपलं एकेक गुरू वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. आपल्या भाषेत ही गुरचरणाची गोष्ट आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक १९९० साली आलं. त्याच्या पहिल्या प्रकरणात त्या सुरुवातीला हार्डिन यांचाच मुद्दा समजावून सांगतात. दहा पानं वाचून थकून थांबलेला विद्यार्थी वहीत लिहील, ‘ऑस्ट्रॉम म्हणतात सामाईक जमीन टिकत नाही.’ म्हणजे बरोबर उलटं! पुस्तक सांगतं की लोक आपसात नियम करून ती टिकवू शकतात आणि अनेक ठिकाणी त्यांनी ती टिकवली आहे.

हे कसं टाळायचं? आधी प्रकरणाची उपशीर्षकं वाचा. इथे एक उपशीर्षक म्हणतं, सरकारी ताबा हाच मार्ग. पुढचं म्हणतं, खाजगी मालकी हाच मार्ग. त्यानंतरच्या उपशीर्षकात प्रश्नचिन्ह येतं. लेखिका तिथे वळली. मग प्रकरणाचा शेवट वाचा. त्यानंतर वळणाजवळची सात-आठ पानं सावकाश वाचा, आणि बाकीच्या ठिकाणी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. असं केल्यावर तीस पानांना पाच तासांऐवजी दोन तास पुरायचे.

वाक्यातही असंच वळण असतं. ‘ऑल्दो’ किंवा ‘व्हाइल’ने सुरू होणाऱ्या वाक्याचा पहिला भाग बहुधा लेखकाने मान्य करून बाजूला ठेवलेला असतो. त्याचं स्वतःचं म्हणणं स्वल्पविरामानंतर येतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने आपण शेवटापर्यंत वाट बघतो. इंग्रजीत कर्ता आणि मुख्य क्रियापद आधी शोधा, लांब वाक्य उलगडतं.

शब्दकोश फक्त वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी उघडा, आणि तरीही सावध राहा. ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात ‘अप्रोप्रिएटर’ सतत येतो. कोशावरून त्याचा अर्थ ‘बळकावणारा’ असा वाटेल. त्यांच्या लेखी तो सामाईक साठ्यातून पाणी, चारा किंवा मासे घेणारा साधा वापरकर्ता आहे. असे शब्द लेखकाच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवा.

वाचून झालं की पुस्तक मिटा आणि मराठीत तीन वाक्यं लिहा: प्रश्न काय, लेखकाचं उत्तर काय, पुरावा काय. दुसरं वाक्य लिहिता आलं नाही तर वळण निसटलं आहे, तेवढाच भाग पुन्हा वाचा. शेजारी पान क्रमांक लिहा. मराठी टिपणाचा आणखी एक फायदा आहे. इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर महिन्याभराने ती आपली की लेखकाची, हे कळत नाही, आणि निबंधात ती गेली तर वाङ्मयचौर्य ठरतं. मराठीवरून लिहिताना वाक्य आपोआप आपलं होतं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. कायद्याचा मजकूर, व्याख्या, आकडेवारीची रीत आणि ज्यावर निबंध लिहायचा आहे तो लेख पूर्णच वाचावा लागतो. म्हणून वाचलेला वेळ तिथे खर्च करा.

जायला वर्ष असेल तर आजपासून आठवड्याला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला एक लेख घ्या आणि ती तीन वाक्यं लिहा. दोघांनी एकच लेख वाचून वाक्यं ताडून बघा. जिथे तुमचं पटणार नाही, तिथेच लेख पुन्हा उघडा.