डॉक्टरांचे पत्र आणि शाळेचे हजेरीपत्रक

(शिक्षण परिषदेतील भाषण)



असे समजा, की इयत्ता चौथीतील एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी झाली. महिन्याभराने तिच्या वडिलांनी मुंबईच्या रुग्णालयाचे पत्र मुख्याध्यापकांपुढे ठेवले. पत्र चारच ओळींचे. मुलीस रक्ताचा कर्करोग झाला असून दीर्घ मुदतीचे उपचार चालू आहेत. तिला घरी शिकविण्याची सोय करावी व हजेरीबाबत सवलत द्यावी, अशी त्यात शिफारस. असे पत्र बहुधा फाइलला लागते आणि ‘मुलगी बरी होऊन आली म्हणजे पाहू’ असे ठरते. परंतु मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. तोवर तिच्या वर्गातील मुले सहावी-सातवीत गेलेली असतात.

तिचे नाव पटावरून कमी करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तशी मनाई केली आहे. त्याच कायद्यात २०१२ साली घरी शिक्षण घेण्याची तरतूद आली; मात्र ती तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांसाठी आहे. ही मुलगी त्यात आपोआप बसत नाही. म्हणून तिची सोय शाळेने व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मिळून करावयाची, आणि तिला आधार त्या पत्राचाच. साहजिकच पत्र पुरेसे बोलके हवे. पुढील खेपेस वडिलांबरोबर साध्या कागदावर तीन प्रश्न द्यावेत: कोणत्या महिन्यांत मुलीने मुळीच येऊ नये, कोणत्या दिवसांत येण्यास हरकत नाही, आणि शाळेने कोणती गोष्ट तत्काळ कळवावी?

उत्तरे समजण्यासाठी उपचारांची रीत ठाऊक असावी. पहिले काही महिने जोराचे उपचार असतात. औषधाने रोगट पेशींबरोबर रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. जोराच्या औषधानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत त्या फार खाली जातात. तेव्हा चाळीस मुलांचा वर्ग तिला धोक्याचा, घरी येणारे एकटे गुरुजी नव्हेत. मात्र गुरुजींना सर्दी-पडसे असेल तर त्यांनीही जाऊ नये. पुढे गोळ्यांचा लांब टप्पा येतो. त्यात बहुतेक मुले शाळेत येऊ शकतात. केवळ तपासणीचे दिवस व अशक्तपणाचे दिवस चुकतात. पूर्ण गैरहजेरी आणि पूर्ण हजेरी यांच्या मधला हा काळच सर्वांत मोठा, आणि सवलतीचा खरा उपयोग येथेच. मुलगी अकरा वाजता येऊन दोनला घरी गेली, तरी तो दिवस तिच्या शिक्षणाचाच होय.

घरी आठवड्यातून दोनतीन वेळा, अर्धा-पाऊण तास पुरे. भाषा व गणित आधी; बाकीचे विषय वाचून दाखवावेत. येथे एक गोष्ट शिक्षकाच्या डोळ्यांतून सुटते. या उपचारांतील एका औषधाने हातापायांच्या नसा दुर्बळ होतात. अक्षर बिघडते, पेन्सिल धरवत नाही, पाय नीट उचलला जात नाही. त्यास आळस समजून शुद्धलेखनाच्या ओळी वाढवू नयेत. तोंडी उत्तरे घ्यावीत, आणि हा बदल पालकांमार्फत डॉक्टरांना कळवावा. दुसऱ्या एका औषधाने भूक वाढते, चेहरा सुजतो, मूल चिडचिडे होते. औषध थांबल्यावर हे हळूहळू ओसरते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोवर व कांजिण्या हे आहे. मुलगी शाळेत येऊ लागल्यावर वर्गात एकास कांजिण्या आल्या, की त्याच दिवशी तिच्या घरी निरोप जावा. पुरळ दिसण्यापूर्वी एकदोन दिवस संसर्ग चालू असतो; म्हणजे मुलगी काल त्या मुलाशेजारी बसली असेल तर तिला आज घरी ठेवून भागत नाही. तिला संरक्षक औषध द्यावयाचे की नाही हे डॉक्टर ठरवितात, आणि त्यासाठी पहिले चार दिवस मोलाचे. सोमवारचा निरोप शनिवारी गेला, तर तो गेला न गेल्यासारखाच. तसेच शाळेत तिला ताप भरला तर घरगुती गोळी देऊ नये. ताप दबतो, धोका तसाच राहतो. थर्मामीटर १००.४ अंश दाखवील तर पालकांना बोलावून लगेच रुग्णालयास कळवावे.

मुलीची आई विचारते, “गुरुजी, हिचे केस गेलेत, पोरं हसतील का?” वर्गाला काय सांगावे हे आईवडिलांच्या संमतीने ठरवावे, डॉक्टरांचे पत्र मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहावे. केस पुन्हा येतात आणि हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाही, एवढे मुलांना कळले तर बहुधा पुरते. डोक्यास रुमाल बांधून यावे की टोपी घालून, हे मुलीने ठरवावे.

उपचारांचा टप्पा बदलला, की जुने पत्र निरुपयोगी होते. नवे पत्र मागवावे, आणि शिकविण्याचे वेळापत्रक त्याप्रमाणे पुन्हा लिहावे.