नोटिशीचे दिवस आणि पगाराचा भागाकार



इथे कोळवणात बसलेल्यांपैकी काहीजण पिरंगुटला कारखान्यात जातात, काही हिंजवडीला. मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून आज फक्त एका हिशोबाबद्दल बोलणार आहे. कंपनीने काढलं आणि नोटिशीचे दिवस पूर्ण करू दिले नाहीत, तर त्या दिवसांचे पैसे किती?

समजा, नेमणूकपत्रात लिहिलंय: ६० दिवसांची नोटीस, किंवा त्याऐवजी ग्रॉस पगार. तुमचा महिन्याचा ग्रॉस ६०,००० रुपये, त्यात बेसिक २४,०००. नोटीस दिली आणि १२ दिवसांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. म्हणजे ४८ दिवस उरले. ६०,००० भागिले ३०, रोजचे २,०००. गुणिले ४८, झाले ९६,०००.

आता हातात येणारा कागद बघा. त्यावर कधी कधी ३८,४०० असतात. गणित चुकलेलं नसतं, फक्त ग्रॉसच्या जागी बेसिक घेतलेला असतो. गंमत अशी की, तुम्ही स्वतः नोटीस न देता सोडली असती, तर वसुली ग्रॉसवर झाली असती! म्हणून दोन्ही बाजूंची कलमं शेजारी ठेवून वाचा.

दुसरा घोळ भाजकाचा. कुणी ३० ने भागतं, कुणी २६ ने. २६ हे सुट्ट्या वगळून कामाचे दिवस. तेव्हा २६ ने भागलं, तर गुणायचेही कामाचेच दिवस, ४८ नव्हे, साधारण ४१. रोजचे २,३०७ रुपये ६९ पैसे गुणिले ४१, म्हणजे ९४,६१५ च्या आसपास. उत्तर फारसं हलत नाही. पण ३० ने भागून ४१ ने गुणलं, तर ८२,००० होतात. चौदा हजार गायब, आणि कागद मात्र स्वच्छ दिसतो.

सीटीसीला भागू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. ती तुमच्या ग्रॉसमध्ये नसते.

पत्रात नोटिशीचं काहीच नसेल तर? वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढं वेतन द्यावं लागतं. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ७० मध्ये आहे. व्यवस्थापकाचं काम करणारे मात्र 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना पत्राचाच आधार.

या रकमेवर आयकर कापला जातो, त्यामुळे खात्यात कमी दिसेल, ते वेगळं. रजेचे पैसेही वेगळे, ते यात मिसळू देऊ नका. आणि 'माझं काही येणं बाकी नाही' यावर सही करण्याआधी ईमेलवर तीन आकडे लेखी मागा: कोणता पगार धरला, कितीने भागला, किती दिवसांनी गुणला.