सुरुवात कोणी केली?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बँकेत मी आयुष्यभर हिशेब जुळवले. निवृत्तीनंतर घरात एकच हिशेब जुळेना, तो माझ्या नातवंडांचा. नात अकरा वर्षांची, नातू आठ वर्षांचा. भांडणाचं रोजचं कारण म्हणजे खिडकीजवळचं अभ्यासाचं टेबल.

आरडाओरडा झाला की मी विचारायचो, "सुरुवात कोणी केली?" दोघं एकमेकांकडे बोट दाखवायची. मग मी नातीला म्हणायचो, "तू मोठी आहेस ना, सोडून दे." एक दिवस ती रडत म्हणाली, "आजोबा, मी कायमच मोठी असणार. मग कायम मीच सोडायचं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय धाकट्याला युक्ती सापडली होती. आधी हळूच चिमटा काढायचा, तिनं धपाटा घातला की भोकाड पसरायचं. मला दिसायचा तो फक्त धपाटा!

मग मुलगा, सूनबाई आणि मी बसून ठरवलं. न्यायाधीश व्हायचं नाही. हाणामारी असेल तर आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवायचं. राग उतरला की एकेकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. दोघांचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, "आता काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

त्यांनी तोडगा काढला : विषम तारखांना टेबल ताईचं, सम तारखांना दादाचं. ज्याची पाळी नसेल त्यानं जेवणाच्या टेबलावर बसायचं. महिनाअखेरपर्यंत शांतता. मग ३१ तारीख गेली, १ तारीख आली आणि लागोपाठ दोन दिवस टेबल ताईकडे! नातू म्हणाला, "ही चीटिंग आहे." खरंच होतं ते. मी बँकवाला, पण माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

निकाल द्यायचा मोह आवरून आम्ही प्रश्न पुन्हा त्यांच्याकडेच सोपवला. मग वार ठरले. सोम, बुध, शुक्र ताईचे. मंगळ, गुरू, शनि दादाचे. रविवारी टेबल बाबांचं. पुढे ताईची सहामाही आली. त्या आठवड्यात सगळे दिवस तिला हवे होते. दादानं दिले, पण त्याच्या परीक्षेला तसेच दिवस मिळतील हे कागदावर लिहून घेऊन. सारखं वाटप आणि न्याय्य वाटप यांतला फरक मला तिथे कळला.

मात्र एक सांगतो. दर वेळी एकच मूल मार खात असेल, दुसऱ्याला घाबरून गप्प राहत असेल, तर ते भांडण नव्हे. तिथे "तुम्हीच ठरवा" म्हणणं म्हणजे दुबळ्याला वाऱ्यावर सोडणं. तिथे आईवडिलांनी मध्ये पडलंच पाहिजे.

आमच्याकडची भांडणं संपलेली नाहीत. सध्या रिमोटवरून चालू आहेत. पण परवा मी सवयीनं विचारलं, "सुरुवात कोणी केली?" तर दोघं एका सुरात म्हणाली, "आजोबा, हे विचारायचं नाही असं ठरलंय!"